भात सोडला, भाकरी धरली, तरी शुगर का वाढली? ग्लायसेमिक इंडेक्स आणि लोड समजून घेऊ



विहारात शुगर तपासणीचा दिवस असला की दोन तक्रारी हमखास कानावर येतात. पहिली आयांची असते: "सिस्टर, भात पूर्ण सोडला, फक्त ज्वारीची भाकरी खाते, तरी शुगर खाली येत नाही." दुसरी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींची असते: "पळताना तिसऱ्या राऊंडला पाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. काय खाऊ?" अनेकदा या दोघी एकाच घरातल्या असतात, एकाच पातेल्यातले जेवतात आणि दोघींना शेजारीपाजारी एकच सल्ला देतात: भात बंद कर, भाकरी खा. हा सल्ला आईच्या बाबतीत अर्धवट आहे. मुलीच्या बाबतीत तर बऱ्याचदा उलटाच आहे. का, ते समजायला दोन शब्द नीट कळले पाहिजेत. एक ग्लायसेमिक इंडेक्स, दुसरा ग्लायसेमिक लोड.

इंडेक्स म्हणजे वेग

आपण भात, चपाती, भाकरी, फळ काहीही खाल्ले तरी त्यातला पिठूळ आणि गोड भाग, म्हणजे कर्बोदके, पोटात फुटून शेवटी बहुतेक ग्लुकोज बनतो आणि रक्तात उतरतो. कोणत्या पदार्थातला भाग पटकन उतरतो, कोणत्यातला सावकाश. हा वेग मोजण्याची पद्धत कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. पद्धत साधी आहे. उपाशीपोटी आलेल्या माणसाला एखाद्या पदार्थातून बरोबर ५० ग्रॅम कर्बोदके खायला देतात. मग दोन तास ठरावीक वेळाने बोटातून रक्त घेऊन शुगर किती चढली ते बघतात. त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम नुसते ग्लुकोज देऊन पुन्हा तेच करतात. ग्लुकोजला १०० गुण धरायचे आणि त्याच्या तुलनेत त्या पदार्थाला किती मिळाले ते काढायचे. अशी आठदहा माणसे घेऊन सरासरी काढली की तो त्या पदार्थाचा इंडेक्स. ५५ किंवा त्याखाली असेल तर सावकाश, ७० किंवा त्यावर असेल तर झपाट्याचा, मधले मध्यम.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या चाचणीत प्रत्येक पदार्थाचे माप प्रयोगशाळेने ठरवलेले असते. कलिंगडातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायची तर साधारण पाऊण किलो गर खावा लागेल. एवढे कोण एका बैठकीला खातो? म्हणून जुन्या कोष्टकांत कलिंगडाचा इंडेक्स ७२ च्या आसपास दिसतो आणि लोक घाबरून कलिंगड टाळतात. प्रत्यक्षात दोन फोडींत, म्हणजे दीडशे ग्रॅम गरात, कर्बोदके अकरा ग्रॅमच्या आसपास असतात. बाकी बहुतेक पाणी.

लोड म्हणजे ताटातला भार

ही गफलत दूर करायला १९९७ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड वापरायला सुरुवात केली. इंडेक्सला त्या ताटातल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचे आणि १०० ने भागायचे. कलिंगडाच्या दोन फोडींचे बघा: ७२ गुणिले ११, भागिले १००, म्हणजे ८. एका खाण्याचा लोड १० पर्यंत असेल तर कमी, २० किंवा त्यावर असेल तर जास्त. म्हणजे कलिंगड झपाट्याचे खरे, पण दोन फोडींत माल थोडा. नळाला प्रेशर जोरात असले तरी पाणी पाच मिनिटेच आले तर पिंप भरत नाही, तसेच हे. वेग आणि वेळ दोन्ही बघितले तरच पिंपात किती पाणी जमले ते कळते.

हे गणित आता आपल्या रोजच्या ताटावर लावू. त्यासाठी तीन मापे पुरेत. एक वाटी शिजलेला भात (आपली साधी आमटीची वाटी, दाबून न भरलेली) म्हणजे सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके. ३० ग्रॅम कणकेची एक चपाती म्हणजे सुमारे २० ग्रॅम. आणि ६० ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. तुमच्या घरची भाकरी केवढी आहे हे ओळखायची सोपी युक्ती आहे. एक किलो पीठ उघडा आणि ते संपेपर्यंत किती भाकऱ्या झाल्या ते मोजा. सोळा झाल्या तर भाकरी ६० ग्रॅमची. दहाच झाल्या तर १०० ग्रॅमची, आणि मग माझे सगळे आकडे तुमच्यासाठी पावणेदोन पटीने जवळपास वाढवावे लागतील.

भाताचा इंडेक्स एकच नसतो. ज्या तांदळात अमायलोज नावाचा पिष्टाचा प्रकार जास्त, तो मोकळा होतो आणि सावकाश पचतो. चिकट, मऊ होणारा तांदूळ झपाट्याने उतरतो. बासमती साधारण पन्नाशी-साठीत असतो, कोकणातला उकडा तांदूळही साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा सावकाश. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने २०१२ मध्ये सोना मसुरी, पोन्नी आणि सुरती कोलम हे तीन तांदूळ तपासले, तेव्हा तिन्ही ७० च्या वर निघाले आणि सुरती कोलम ७७ निघाला. आपल्याकडे रेशनला येणारा तांदूळ कधी कोणता असेल सांगता येत नाही, म्हणून आपण हिशोबाला ७५ धरू. एक वाटी भात: ७५ गुणिले ३०, भागिले १००, म्हणजे लोड साडेबावीस.

आता ज्वारीची भाकरी. २००२ च्या आंतरराष्ट्रीय कोष्टकात भारतातल्या ज्वारीच्या भाकरीचा इंडेक्स ७७ नोंदलेला आहे. इतर तपासण्यांत तो याहून कमीही आला आहे. आपण मधला ७० धरू. एक भाकरी: ७० गुणिले ४०, भागिले १००, म्हणजे २८.

हा आकडा मी तपासणीच्या टेबलावर कागदावर लिहून दाखवते तेव्हा बायका माझ्याकडे संशयाने बघतात. एका भाकरीचा भार एका वाटी भातापेक्षा जास्त? हो, जास्त. आणि वाटीभर भात सोडणारी बाई त्याच्या जागी एक नव्हे, दोन-अडीच भाकऱ्या खाते, कारण "भाकरीने शुगर वाढत नाही" असे तिला कोणीतरी सांगितलेले असते. अडीच भाकऱ्या म्हणजे लोड ७०. तीन वाट्या भाताइतका.

मग भाकरीचे नाव मोठे का? त्यात खोटे काही नाही. पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारी-बाजरीत चोथा जास्त, पोट जास्त वेळ भरलेले राहते, बाजरीत लोह बरे असते आणि तिच्यात थोडी चरबी असल्यामुळे तिची भाकरी ज्वारीपेक्षा सावकाश उतरते. पण धान्य गिरणीत बारीक दळले, गरम पाण्याने मळले आणि तव्यावर भाजले की पिष्टाचे कवच फुटलेले असते. पोटाला दळायचे काम उरत नाही. नाचणीचेही तेच. बारीक पिठाची नाचणीची भाकरी किंवा पातळ आंबील जाहिरातीत म्हणतात तशी शुगरवरचे औषध नाही. उलट त्याच ज्वारीच्या भरड कण्या शिजवल्या तर ती सावकाश पचते. आपल्या आज्यांनी कण्या खाल्ल्या त्या हौसेने नव्हे, घरात दुसरे काही नव्हते म्हणून. आज तीच ज्वारी-बाजरी शहरातल्या दुकानात मिलेट म्हणून सुबक पिशवीत मिळते आणि रेशनच्या तांदळापुढे आपल्याला महाग पडते. तेव्हा ज्याला भाकरी परवडत नाही त्याने अपराधी वाटून घेऊ नये. भात खाऊनही भार आवरता येतो.

चपाती या दोघांच्या थोडी खाली बसते. इंडेक्स ६० धरला तर एका चपातीचा लोड १२. तीन चपात्या ३६. तिन्ही धान्यांत फरक आहे, पण तो आपण समजतो तेवढा नाही. ताटात किती घेतले, हा फरक त्याहून मोठा आहे.

एकटी भाकरी कोणी खात नाही

इंडेक्स नुसत्या पदार्थाचा काढतात, आपण मात्र कालवणाबरोबर जेवतो. घट्ट वरण, मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, अंडे, सुकट, पालेभाजी यांतली प्रथिने, चोथा आणि थोडे तेल जठरातून अन्न पुढे सरकण्याचा वेग कमी करतात, म्हणून तोच भात सावकाश उतरतो. वाटीभर उसळीत कर्बोदके २० ग्रॅमच्या आसपास असली तरी कडधान्याचा इंडेक्स तिशीत असल्याने लोड फक्त ६ भरतो. आधी भाजी-उसळ खाऊन मग भात-भाकरीकडे वळले तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, हेही तपासून पाहिलेले आहे. पातळ आमटीचे पाणी आणि डोंगराएवढा भात, हे ताट मात्र जवळपास नुसत्या भातासारखेच वागते.

शिळ्या भाताबद्दल बरेच जण विचारतात. भात पूर्ण थंड झाला की त्यातले थोडे पिष्ट घट्ट होऊन पचेनासे होते आणि तो परत गरम केला तरी इंडेक्स थोडा कमी राहतो. फायदा खरा आहे, पण लहान आहे. आणि फ्रीज नसलेल्या घरात उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात असे जंतू वाढतात, ज्यांचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. दोन-चार गुणांसाठी उलट्या-जुलाब ओढवून घेऊ नका.

इंडेक्सवर आंधळा विश्वासही नको. साखरेचा इंडेक्स ६५ च्या आसपास, म्हणजे कोलम भातापेक्षा कमी आहे, कारण साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो रक्तातले ग्लुकोज लगेच वाढवत नाही. तेलकट चिप्सही तेलामुळे सावकाश ठरतात. म्हणून साखर आणि चिप्स भातापेक्षा चांगले झाले का? इंडेक्स फक्त एका प्रश्नाचे उत्तर देतो. गुळाचे सांगायचे तर शुगरच्या दृष्टीने तो साखरेहून सौम्य नाही, उगाच चहात गूळ घालून निर्धास्त होऊ नका.

आता भरतीची तयारी करणाऱ्या मुलीचे ताट

एक घर धरू. मुलगी बावन्न किलोची. पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि चार किलोचा गोळा यांची तयारी करते. पहाटे साडेपाच ते साडेसात मैदानावर, संध्याकाळी पाचला पुन्हा तासभर व्यायाम. आई पंचेचाळीस वर्षांची, शुगर आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू.

मुलगी रात्री नऊला जेवते आणि पहाटे चहा पिऊन पळायला जाते. ८०० मीटर तीन-साडेतीन मिनिटांचे काम, तेवढ्यासाठी स्नायूंत साठवलेले ग्लुकोज पुरून उरते. पण सराव दोन तासांचा असतो. मेंदूला ग्लुकोज पुरवणारा यकृतातला साठा रात्रभरात बराच रिता झालेला असतो आणि त्यावर चारशे-चारशे मीटरचे राऊंड मारले की घाम, थरथर आणि अंधारी सुरू होते. तिला सरावाच्या अर्धा तास आधी थोडे, हलके आणि बऱ्यापैकी लवकर उतरणारे खाणे हवे. एक मध्यम पिकलेले केळे आणि ग्लासभर पाणी यात काम होते. केळ्यात कर्बोदके २० ग्रॅमच्या जवळ, इंडेक्स पन्नाशीत, लोड १०. केळे हिरवट असेल तर त्यात पिष्ट जास्त आणि वेग कमी. काळे ठिपके पडलेले असेल तर पिष्टाची साखर झालेली असते आणि वेग जास्त. सरावाआधी पिवळे किंवा ठिपक्यांचे चालेल. केळे नसेल तर दोन-तीन खजूर.

इथेच भाकरीचा सल्ला उलटा पडतो. "ताकदीसाठी" म्हणून पहाटे भाकरी-उसळ खाऊन धावणाऱ्या मुलांच्या पोटात दुसऱ्या राऊंडला कळ येते, कारण चोथा आणि कडधान्य जठरातच असते. असे भरपेट खायचे असेल तर मध्ये तीन तास हवेत. पहाटे साडेपाचच्या सरावात ते शक्यच नाही.

दुसरी गडबड ग्लुकोज पावडरची. सरावाच्या पाऊण तास आधी मोठा ग्लासभर ग्लुकोजचे पाणी प्यायले की शुगर झपकन चढते, तिला आवरायला इन्सुलिन सुटते आणि नेमके त्याच वेळी धावणे सुरू झाल्याने स्नायूही ग्लुकोज ओढू लागतात. दोन्हींमुळे शुगर काही मिनिटे खाली जाते. बहुतेकांना यातले काही जाणवत नाही, पण काहींना सुरुवातीलाच हातपाय गळाल्यासारखे वाटते. तुम्ही त्यांतले असाल तर गोड पाणी पाऊण तास आधी न घेता वॉर्मअप करताना घोट घोट घ्या, किंवा आधी फक्त केळे खा.

सराव संपला की चित्र बदलते. थकलेला स्नायू रक्तातले ग्लुकोज इन्सुलिनची फारशी वाट न बघता आत ओढतो आणि रिकामा झालेला साठा भरू लागतो. या वेळेला झपाट्याचा पदार्थ कामाचा असतो. म्हणजे जो भात आपण दिवसभर नावे ठेवतो, त्याची सर्वांत योग्य वेळ हीच. घरी आल्यावर दोन वाट्या भात, घट्ट वरण आणि एक उकडलेले अंडे. भातातून ६० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे तिच्या वजनाच्या दर किलोला एक ग्रॅमहून थोडी जास्त, आणि तेवढी पुरतात. लोड ४५ होतो, पण तो इथे दोष नाही. सकाळी सकाळी भात जमत नसेल तर तेवढेच पोहे शेंगदाणे घालून. फार घाई केव्हा करावी लागते? दुसरा सराव आठ तासांच्या आत असेल तेव्हा. या मुलीचे अंतर साडेनऊ तासांचे आहे, म्हणून पंधरा मिनिटे इकडेतिकडे झाल्याने बिघडत नाही. पण घरी येऊन झोपणे आणि एकदम दुपारी एकला जेवणे, ही सवय संध्याकाळचा व्यायाम मारते.

बाकी दिवस सावकाश पदार्थांचा. दुपारी तीन चपात्या, भाजी, वरण. चार वाजता एक केळे आणि मूठभर भाजलेले फुटाणे. रात्री एक भाकरी, एक वाटी भात, उसळ, पालेभाजी. ही सगळी बेरीज साधारण २६० ग्रॅम कर्बोदके होते, म्हणजे किलोला पाच ग्रॅम, आणि रोज दोन वेळा सराव करणाऱ्या मुलीला एवढी लागतातच. मुलगी वजन वाढेल या भीतीने रात्रीचे जेवण सोडत असेल तर घरच्यांनी तिला थांबवावे. भाकरी रात्री ठेवली, कारण पुढे आठ तास धावायचे नसते आणि चोथ्याने पोट शांत राहते.

फळांबाबत थोडेच सांगायचे आहे. सरावाच्या आसपास केळे, चिकू, खजूर. इतर वेळी पेरू, जो स्वस्त, चोथ्याचा आणि सावकाश. सरावानंतर उन्हाळ्यात कलिंगड, ज्यातून पाणीही मिळते. फळ चावून खा; गाड्यावरच्या रसात चोथा गाळून टाकलेला असतो आणि वर साखर असते.

एक गोष्ट नर्स म्हणून ठामपणे सांगते. केळे खाऊन, पाणी पिऊन आठ दिवसांत अंधारी थांबली तर कारण खाणे होते. थांबली नाही, जिना चढताना धाप लागते, खालच्या पापणीचा आतला भाग पांढुरका दिसतो, पाळी जास्त जाते, तर इंडेक्स-लोड बाजूला ठेवा आणि हिमोग्लोबिन तपासा. बाईचे १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, त्यावर केळे चालत नाही. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो, तिथल्या मुलामुलींनी कडक सराव सुरू करण्याआधी ती तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्यावीच. नुसता वाहक असला तरी उन्हात, पाण्याशिवाय जीव तोडून धावणे त्याला धोक्याचे ठरू शकते.

त्याच पातेल्यातून आईचे ताट

आईसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. तिने रात्री अडीच भाकऱ्यांऐवजी एक भाकरी घ्यावी, मुलीपेक्षा उसळ आणि पालेभाजी जास्त घ्यावी. लोड भाकरीचा २८ आणि उसळीचा ६, म्हणजे ३४. आधीच्या ७० च्या निम्म्यावर. दुपारी भात हवाच असेल तर एक वाटी, घट्ट वरणाबरोबर, आणि त्या जेवणात चपाती एकच. भात आणि तीन चपात्या दोन्ही नकोत. फळ जेवणाला लागून न खाता मधल्या वेळी, एक पेरू किंवा अर्धे केळे.

आणि जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटे चालावे. मुलीच्या स्नायूंबद्दल जे सांगितले ते आईच्या पायांनाही लागू आहे. चालणारा स्नायू ग्लुकोज ओढतो. गल्लीत जागा नसेल तर विहाराभोवती फेऱ्या माराव्यात. भांडी घासायला बसून राहण्यापेक्षा ती आधी घासून मग जेवावे, म्हणजे जेवणानंतरचा वेळ चालायला मोकळा राहतो. भांडी घरातल्या पुरुषांनी घासली तर आणखी बरे.

आपले ताट जमते आहे का, हे कोष्टक सांगणार नाही, तुमचे रक्त सांगेल. ग्लुकोमीटर शेजारी कोणाकडे असेल तर सुई आणि पट्टी मात्र स्वतःची नवी वापरा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा मोजा. एके दिवशी अडीच भाकऱ्यांचे जेवण, दुसऱ्या दिवशी त्याच कालवणाबरोबर एक भाकरी आणि जास्त उसळ. चार पट्ट्यांत जे कळते ते चार महिन्यांच्या ऐकीव सल्ल्यांत कळत नाही. दोन तासांची शुगर १८० च्या आत राहिली तर बहुतेकांसाठी ठीक. तुमचे लक्ष्य डॉक्टरांनी वेगळे दिले असेल तर ते पाळा. आकडा सारखा २५० च्या वर जात असेल तर ताटाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा, कारण तिथे औषध बदलावे लागते.

ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे त्यांनी हा लेख वाचून एकदम भाकऱ्या निम्म्यावर आणू नयेत. औषध तेच आणि जेवण निम्मे, वर चालणेही वाढले, तर शुगर खाली घसरते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलणे अडखळणे ही तिची खूण. मीटरवर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, न वाढल्यास पुन्हा द्या. या क्षणी झपाट्याचाच पदार्थ हवा. भाकरी, बिस्कीट, चॉकलेट नको, ते सावकाश उतरतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा.

भरतीच्या दिवशी

मैदानी चाचणीच्या दिवशी मुले पहाटे तीन-चारला रांगेत उभी राहतात आणि नंबर कधी दहाला, कधी दुपारी लागतो. घरातून रिकाम्या पोटी निघालेले मूल तोपर्यंत गळून जाते. निघण्याआधी घरी एक-दीड वाटी मऊ भात किंवा पोहे, तेल-तिखट कमी. पिशवीत तीन केळी, थोडे खजूर, दोन लिटर पाणी आणि मीठ-साखरेच्या पाण्याची एक बाटली. रांगेत दर दोन तासांनी एक केळे. नंबर लागायच्या आधीचा अर्धा तास काही खायचे नाही, फक्त पाण्याचे घोट. एक चाचणी झाली आणि दुसरीला तास-दीड तास असेल तर लगेच दोन खजूर आणि पाणी. वडापाव, समोसा नको, तेलामुळे तो पोटात पडून राहतो. आणि यातला प्रत्येक पदार्थ आधी दोन-तीन वेळा सरावाच्या दिवशी खाऊन बघितलेला असावा, कारण कोणाला चिकूने गॅस होतो, कोणाला खजुराने, आणि ते मैदानावर कळून उपयोग नाही.